तळाच्या शेतकऱ्यांचे उत्पादन दुसऱ्या वर्षी का वाढते? : ‘आधी आणि नंतर’ तुलनेतील एक फसवी वाढ

विस्तार कार्यक्रमांच्या अहवालांत एक आराखडा वारंवार दिसतो. परिसरातील सर्व शेतकऱ्यांच्या उत्पादनाची नोंद घेतली जाते, त्यातून सर्वांत कमी हेक्टरी उत्पादन असलेले शेतकरी निवडले जातात, त्यांना बीजप्रक्रिया, रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी, संतुलित खतमात्रा असे तंत्र दिले जाते, आणि पुढील हंगामात त्याच शेतकऱ्यांचे उत्पादन पुन्हा मोजले जाते. वाढ जवळजवळ नेहमीच दिसते. अहवालात तिची टक्केवारी छापली जाते आणि ती तंत्राच्या नावावर जमा होते.

या वाढीचा मोठा भाग तंत्र न देताही दिसला असता, अशी शक्यता सहसा कोणी तपासत नाही. प्रत्यक्षात ती केवळ शक्यता नसते. निवड टोकाच्या आकड्यांवरून झाली असेल तर दुसऱ्या मोजणीत त्या गटाची सरासरी मागे सरकणे जवळजवळ अटळ असते. संख्याशास्त्रात यास सरासरीकडे परतणे असे म्हणतात. ही वाढ खोटी नोंद नसते. मोजलेले क्विंटल खरेच असतात. केवळ त्या वाढीचे कारण चुकीचे सांगितले जाते.

एका वर्षाच्या आकड्यात काय काय दडलेले असते

माळव्यापासून मराठवाड्यापर्यंत पसरलेल्या कोरडवाहू सोयाबीनचे उदाहरण घेऊ. एखाद्या शेतकऱ्याच्या एका खरिपातील हेक्टरी उत्पादनात दोन प्रकारचे घटक मिसळलेले असतात. पहिला घटक टिकाऊ असतो: जमिनीची खोली, निचरा, संरक्षित पाण्याची सोय, शेतकऱ्याची सवय आणि कौशल्य. मुरमाड, उथळ जमिनीचा शेतकरी याही वर्षी भारी काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याच्या मागे असतो आणि पुढच्याही वर्षी असतो. दुसरा घटक त्या वर्षापुरता असतो. पेरणीनंतर दोन दिवसांनी जोराचा पाऊस होऊन बियाण्यावर कडक थर बसला, शेजारच्या शिवारात पडलेली सर याच्या शेतात पडली नाही, खोडमाशीचा प्रादुर्भाव याच तुकड्यात जास्त झाला, मळणीयंत्र वेळेवर न मिळाल्याने शेंगा तडकून दाणे गळाले. मोजणीची चूकही याच घटकात येते. पीककापणीसाठी आखलेला लहानसा चौकोन शेतातील विरळ भागात पडला, किंवा शेतकऱ्याने उत्पादन ‘अमुक पोती’ असे अंदाजाने सांगितले, तर आकडा प्रत्यक्ष उत्पादनापासून बराच दूर जाऊ शकतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. संपूर्ण तालुक्यावर सारखाच परिणाम करणारे हवामान, उदाहरणार्थ सर्वत्र पडलेला पावसाचा खंड, या दुसऱ्या घटकात धरलेले नाही. त्यामुळे सर्वांचीच सरासरी खाली किंवा वर जाते, आणि तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. दुसरा घटक म्हणजे एकाच वर्षी एका शेतकऱ्याला लाभलेले आणि शेजाऱ्याला न लाभलेले नशीब.

आता सर्वांत कमी आकड्यांचे शेतकरी निवडले की नेमके काय होते? निवड दोन्ही घटकांच्या बेरजेवरून होते. म्हणून तळाच्या यादीत कायम कमी उत्पादन घेणारे येतात, तसेच एरवी मध्यम असूनही त्या एका वर्षी मार खाल्लेले येतात. उलट, मुळात दुबळा असलेला पण त्या वर्षी नशिबाने साथ दिलेला शेतकरी यादीतून निसटतो. थोडक्यात, यादी दुबळ्या शेतकऱ्यांची जितकी, तितकीच दुर्दैवी वर्षाचीही असते. पुढच्या वर्षी जमीन तीच राहते. दुर्दैव मात्र पुन्हा त्याच लोकांना शोधत येत नाही. ते सर्वांमध्ये नव्याने वाटले जाते.

एक हिशेब

पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत. एका समूहात २०० सोयाबीन उत्पादक आहेत. त्यांच्या उत्पादनाची सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आणि प्रमाण विचलन ४ क्विंटल आहे. एका वर्षाचे उत्पादन आणि दुसऱ्या वर्षाचे उत्पादन यांतील सहसंबंध ०.५ आहे, म्हणजे शेतकऱ्या-शेतकऱ्यांमधील एकूण तफावतीचा अर्धा भाग टिकाऊ घटकामुळे आणि अर्धा त्या वर्षापुरत्या घटकामुळे येतो. दोन्ही वर्षी समूहाची सरासरी १२ च राहिली असे धरू. कोणालाही कोणतेही नवे तंत्र दिलेले नाही.

पहिल्या वर्षी तळाचे ४० शेतकरी निवडले. उत्पादनाची विभागणी घंटाकृती असेल तर तळाच्या एक-पंचमांश गटाची सरासरी एकूण सरासरीपेक्षा सुमारे १.४ प्रमाण विचलनांनी कमी असते. म्हणजे ४ च्या १.४ पट, ५.६ क्विंटलची तूट. या गटाची सरासरी ६.४ क्विंटल येते. या ५.६ क्विंटलच्या तुटीपैकी निम्मी, २.८ क्विंटल, टिकाऊ आहे. उरलेली २.८ त्या वर्षापुरती होती. दुसऱ्या वर्षी टिकाऊ तूट तशीच राहते, तात्पुरत्या घटकाची सरासरी शून्यावर येते, आणि गटाचे उत्पादन १२ वजा २.८, म्हणजे ९.२ क्विंटल होते.

६.४ वरून ९.२. हेक्टरी २.८ क्विंटलची, सुमारे ४४ टक्के वाढ. तंत्राशिवाय, प्रशिक्षणाशिवाय, एक रुपयाही खर्च न करता.

हाच हिशेब एका सूत्रात मांडता येतो. दुसऱ्या वर्षीचे अपेक्षित उत्पादन म्हणजे समूहाची सरासरी, अधिक सहसंबंध गुणिले निवडलेल्या गटाचे सरासरीपासूनचे अंतर. अंतर तळाच्या बाजूचे असल्याने येथे ते ऋण धरायचे. (दोन्ही वर्षी विचलन सारखेच असेल तर हे लागू पडते.) सहसंबंध १ असता तर गट जागचा हलला नसता. तो शून्य असता, तर गट थेट १२ वर पोहोचला असता. खात्रीचे सिंचन असलेल्या, जमिनीत मोठा फरक असलेल्या भागात सहसंबंध जास्त राहतो आणि परतणे कमी होते. लहरी पावसावरच्या पिकात, किंवा आठवणीवरून घेतलेल्या आकड्यांत, तो कमी राहतो आणि परतणे वाढते. कार्यक्रम बहुधा कोरडवाहू भागातच राबवले जातात, हे येथे विसरून चालत नाही.

समजा, आता दिलेल्या तंत्राचा खरा परिणाम हेक्टरी ०.८ क्विंटल आहे. कोरडवाहू सोयाबीनसाठी तो उपेक्षणीय नाही. दुसऱ्या वर्षी गटाचे उत्पादन १०.० क्विंटल होईल, आणि अहवालात वाढ ३.६ क्विंटल, म्हणजे ५६ टक्के दिसेल. त्यातील ०.८ तंत्राचे, २.८ परतण्याचे. ज्या तंत्राचा लाभ ०.८ आहे त्याला ३.६ क्विंटलचे श्रेय देऊन लाभ-खर्च गुणोत्तर काढले तर ते साडेचार पट फुगते, आणि त्या गुणोत्तरावर विसंबून दुसऱ्या तालुक्यातील शेतकरी स्वतःचा पैसा घालतो.

वरचे शेतकरी आणि उलटा काळ

ही फसवी वाढ ओळखण्याच्या दोन सोप्या चाचण्या त्याच नोंदवहीतून करता येतात.

पहिली, वरच्या टोकाकडे पाहणे. त्याच समूहातील सर्वांत वरच्या ४० शेतकऱ्यांची पहिल्या वर्षीची सरासरी १७.६ क्विंटल होती. दुसऱ्या वर्षी ती १४.८ वर येते. त्यांचे तंत्र बिघडले नाही, आळस वाढला नाही. केवळ त्यांच्या वाट्याला आलेले चांगले नशीब सर्वांत वाटले गेले. गतवर्षीच्या पीकस्पर्धेतील विजेता यंदा मागे पडतो तेव्हा गावात त्याची अनेक कारणे सांगितली जातात, आणि बहुतेक वेळा त्या कारणांची गरज नसते. तळ वर आला आणि माथा तितकाच खाली आला, तर समूहाचे काही सुधारलेले नाही. २०० जणांची सरासरी १२ च आहे आणि विचलनही ४ च आहे. येथे आणखी एक गैरसमज दूर होतो: तळ वर येतो आणि माथा खाली येतो म्हणून सर्वजण हळूहळू सारखे होत चालले, असा अर्थ निघत नाही. दुसऱ्या वर्षी तळ आणि माथा पुन्हा असतातच, फक्त तेथे काही वेगळे लोक असतात. अमेरिकन संख्यातज्ज्ञ होरेस सेक्रिस्ट यांनी १९३३ मध्ये शेकडो व्यवसायांच्या नोंदींवरून उत्तम आणि निकृष्ट व्यवसाय मध्यमपणाकडे ओढले जातात असे जाडजूड पुस्तकात मांडले होते. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी त्याच वर्षी परीक्षणात दाखवून दिले की हा केवळ निवडीचा परिणाम होता.

दुसरी चाचणी थोडी विचित्र वाटते, परंतु अधिक बोलकी आहे. दुसऱ्या वर्षीच्या तळाचे ४० शेतकरी निवडावेत आणि मागे वळून त्यांचे पहिल्या वर्षीचे उत्पादन पाहावे. ते ९.२ क्विंटलच्या आसपास निघेल. म्हणजे हा गट काळाच्या उलट दिशेनेही ‘सुधारतो’. यंदा दिलेले बीबीएफ यंत्र गेल्या वर्षीचे उत्पादन वाढवू शकत नाही. जो बदल काळाच्या दोन्ही दिशांनी सारखाच दिसतो, तो उपचाराचा परिणाम असू शकत नाही.

या उलट्या दिशेची जाणीव प्रथम फ्रान्सिस गाल्टन यांना झाली, आणि तीही बियाण्यांपासून सुरू झालेल्या कामातून. १८७५ च्या सुमारास त्यांनी स्वीट पीचे बी आकारानुसार सात वर्गांत विभागून ब्रिटनमधील मित्रांकडे पेरणीसाठी पाठवले. मोठ्या बियांची संतती सरासरीपेक्षा मोठी निघाली, परंतु पालक बियांइतकी नाही. लहान बियांची संतती लहान, पण तितकी लहान नाही. पुढे मानवी उंचीच्या नोंदींत हेच दिसले. उंच आईवडिलांची मुले त्यांच्यापेक्षा सरासरीला जवळ होती, आणि उंच मुलांचे आईवडीलही त्या मुलांपेक्षा सरासरीला जवळ होते. आनुवंशिकता मुलांकडून पालकांकडे वाहत नाही, तेव्हा कारण रक्तात नसून दोन अपूर्ण जुळणाऱ्या मोजणींच्या स्वभावात आहे. ‘रिग्रेशन’ हा शब्द संख्याशास्त्रात याच अभ्यासातून आला. पीक पैदासकार हा हिशेब रोजच करतात. निवडलेल्या झाडांची सरासरी मूळ समूहापेक्षा जितकी जास्त असते, तितकी सगळी वाढ पुढील पिढीत मिळेल अशी अपेक्षा ते ठेवत नाहीत. त्या फरकाला आनुवंशिकतेच्या गुणांकाने गुणतात. झाडांच्या बाबतीत पाळली जाणारी ही शिस्त शेतकऱ्यांच्या बाबतीत मूल्यमापन करताना मात्र सुटते.

शेजारचे गाव पुरत नाही

‘तुलनेसाठी गट ठेवला होता’ असे अनेक अहवालांत लिहिलेले असते. तो गट कसा निवडला, यावर सर्व अवलंबून आहे. बऱ्याचदा शेजारच्या गावातील कोणतेही ४० शेतकरी घेतले जातात. त्यांची सरासरी पहिल्या वर्षी १२ असते, दुसऱ्या वर्षीही १२. मग मांडणी अशी होते: कार्यक्रमातील गट ३.६ ने वाढला, तुलनेचा गट शून्याने, म्हणून परिणाम ३.६. या मांडणीने पावसाचा फरक निघून जातो, पण परतणे निघत नाही, कारण तुलनेचा गट टोकावरून निवडलेलाच नव्हता. त्याला परतायला अंतरच नव्हते. अशी तुलना साध्या ‘आधी आणि नंतर’पेक्षा अधिक घातक ठरते, ती शास्त्रीय दिसते.

तुलनेचा गट त्याच तळाच्या यादीतून, त्याच निकषाने आणि चिठ्ठ्या टाकून निवडावा लागतो. ४० पैकी २० जणांना तंत्र या खरिपात, उरलेल्या २० जणांना पुढील खरिपात. दोन्ही गट ६.४ वरून सुरू होतात. तंत्र न मिळालेला गट ९.२ वर जातो, मिळालेला १०.० वर. फरक ०.८, आणि तोच खरा परिणाम. वंचित कोणालाही ठेवावे लागत नाही. बियाणे, यंत्रे आणि कर्मचारी यांची मर्यादा असल्याने टप्पे बहुधा आधीच पाडलेले असतात. फक्त कोणाचा क्रम आधी, हे सरपंचांच्या शिफारशीऐवजी चिठ्ठीने ठरवायचे असते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. वरील आकड्यांत २० विरुद्ध २० ची तुलना ०.८ क्विंटलचा परिणाम ओळखण्यास अपुरी आहे. पहिल्या वर्षीच्या उत्पादनाचा विचार केल्यानंतरही एका शेतकऱ्याच्या दुसऱ्या वर्षीच्या उत्पादनात सुमारे ३.५ क्विंटलचे विचलन उरते, आणि २० जणांच्या दोन गटांतील फरकाची प्रमाण त्रुटी त्यामुळे जवळपास १.१ क्विंटल येते. फरक ०.८, त्रुटी १.१, एखाद्या वर्षी तंत्र मिळालेला गट मागेही पडू शकेल. तळापुरते न थांबता सर्व २०० शेतकऱ्यांत चिठ्ठ्या टाकून १०० विरुद्ध १०० अशी विभागणी केली आणि विश्लेषणात पहिल्या वर्षीचे उत्पादन सहचल म्हणून घेतले, तर त्रुटी ०.५ पर्यंत उतरते. तेव्हाही ०.८ चा अंदाज निश्चित म्हणता येत नाही. दोन-तीन हंगाम लागतात. ५६ टक्क्यांची आकर्षक वाढ आणि ‘०.८, अजून अनिश्चित’ हे एकाच कार्यक्रमाचे दोन अहवाल आहेत. यांपैकी दुसराच शेतकऱ्याच्या कामाचा.

चिठ्ठ्या शक्य नसतील तेव्हा

कार्यक्रम दुर्बल शेतकऱ्यांसाठीच मंजूर झाला असेल आणि तुलनेचा गट ठेवणे शक्य नसेल, तरी परतणे कमी करण्याचे मार्ग आहेत. त्यांतील सर्वांत स्वस्त म्हणजे एका वर्षाच्या आकड्यावर निवड न करणे. वरील समूहात दोन वर्षांच्या सरासरीवरून तळाचे ४० निवडले तर अपेक्षित फसवी वाढ २.८ वरून सुमारे १.६ क्विंटलवर येते. तीन वर्षांच्या सरासरीने ती १.१ च्या आसपास राहते. ती शून्य होत नाही, पण यादीत खरे दुबळे शेतकरी अधिक येतात, आणि कार्यक्रमाचा हेतूही तोच असतो.

त्याहून नेमका मार्ग म्हणजे निवडीची मोजणी आणि ‘आधी’ची मोजणी वेगळी ठेवणे. पहिल्या वर्षीच्या आकड्यावरून यादी करावी, काहीही न देता दुसऱ्या वर्षी त्या यादीची नव्याने मोजणी करावी, आणि ती आधाररेखा मानावी. गट दुसऱ्या वर्षी ९.२ वर परतलेलाच असतो. तिसऱ्या वर्षी तंत्र दिल्यावर दिसणारा बदल ९.२ पासून मोजला जातो. परतणे आधाररेखेच्या आधीच घडून गेलेले असते. एक हंगाम थांबावे लागते, ही याची किंमत.

थांबणेही शक्य नसेल तर जुन्या नोंदींचा उपयोग करता येतो. कार्यक्रमापूर्वीच्या दोन वर्षांचे, सर्व शेतकऱ्यांचे आकडे घेऊन सहसंबंध काढावा आणि वरील सूत्राने परतण्याचा अंदाज बांधून तो एकूण वाढीतून वजा करावा. दुसऱ्या वर्षी सर्वांचीच सरासरी बदलली असेल तर तोही बदल स्वतंत्रपणे वजा करावा: पाऊस चांगला होऊन समूह १२ वरून १३ वर गेला असेल, तर तळाचा गट तंत्राविनाच १०.२ वर जाईल, आणि ३.८ च्या वाढीतील २.८ परतण्याचे व १ हवामानाचे असेल. सहसंबंध केवळ निवडलेल्या ४० जणांवरून काढणे ही नेहमीची चूक आहे. एका टोकाच्या अरुंद पट्ट्यात तो कृत्रिमरीत्या कमी दिसतो, आणि मग परतण्याचा अंदाज जास्त येऊन चांगल्या तंत्रावर अन्याय होतो.

कोणत्या सरासरीकडे परतायचे, हाही प्रश्न उरतो. उथळ मुरमाड जमिनीच्या पट्ट्यातील शेतकरी तालुक्याच्या सरासरीकडे नव्हे, तर आपल्या पट्ट्याच्या सरासरीकडे परततात. त्या पट्ट्याची सरासरी ८ असेल आणि हिशेब तालुक्याच्या १२ वरून केला असेल, तर परतण्याचा अंदाज फुगतो. जमिनीचा प्रकार आणि सिंचनाची सोय यांनुसार समूह आधी वेगळे करून मग सरासरी व सहसंबंध काढावेत.

हा परिणाम उत्पादनापुरता मर्यादित नाही. किडीच्या बाबतीत त्याचे रूप अधिक लवकर दिसते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग आढळले की नियंत्रणाचा निर्णय घ्यावा, अशी शिफारस आहे. यातील ‘सलग तीन रात्री’ हे शब्द महत्त्वाचे. एका रात्रीचा उंच आकडा वारा, चांदणे, सापळ्याची जागा यांमुळे उसळलेला असू शकतो आणि दुसऱ्या रात्री आपोआप खाली येतो. त्या एका रात्रीवरून फवारणी केली तर दुसऱ्या दिवशीची घट औषधाच्या खात्यात जाते, आणि ‘हे औषध हमखास लागू पडते’ असा अनुभव तयार होतो. हा अनुभव शेतकरी प्रामाणिकपणे सांगतो. तो औषध नेहमी आकडा शिगेला पोहोचल्यावरच वापरतो, आणि शिगेनंतर बहुतेक आकडे खालीच जातात. अशा वेळी कृषी सहायकाने विचारायचा प्रश्न एवढाच असतो: त्याच रात्री तितकेच पतंग सापडलेल्या, पण न फवारलेल्या शेजारच्या शेतात तिसऱ्या दिवशी किती पतंग होते?